इंटरेस्ट रेट स्वॅप: व्याजदर वाढले की नेमकं कोणाचं भलं होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी मूळचा लातूरचा, मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत बरीच वर्षं काढली आणि आता गावाकडं आलोय. वाळूज, जालना, लातूर एमआयडीसीतले लोक आणि त्यांचे सीए फोन करून जे विचारतात तेच इथं लिहून काढलंय, म्हणजे दरवेळी तेच ते सांगायला नको. मी फक्त रुपयातल्या साध्या स्वॅपबद्दल बोलतोय, म्हणजे ज्याला बाजारात ओआयएस म्हणतात तो. डॉलर-बिलर आत्ता बाजूला ठेवा.

सर, एका वाक्यात सांगा, हे स्वॅप म्हणजे काय?

दोन पार्ट्या एका ठराविक रकमेवरच्या व्याजाची अदलाबदल करतात, एक जण कायम ठरलेल्या दरानं व्याज देतो, दुसरा रोज बदलणाऱ्या बाजारदरानं देतो, आणि मुद्दल कुणीच कुणाला देत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे शेतीवरून पटकन कळतं. एकानं जमीन ठोक्यानं केली, म्हणजे पीक येवो न येवो वर्षाचे एवढे पैसे द्यायचे. दुसऱ्यानं बटईनं केली, सोयाबीन चांगलं आलं तर मालकाला जास्त जातं, नाही आलं तर कमी. आता पहिल्याला वाटलं बटई बरी होती आणि दुसऱ्याला वाटलं ठोका बरा, तर मालकाशी केलेले व्यवहार न मोडता हे दोघं आपसात ठरवू शकतात की तुझं मी भरतो, माझं तू भर. जमीन जिथल्या तिथं आणि मालकाला यातलं काही माहीतही नाही. स्वॅपमध्ये मालकाच्या जागी तुमची कर्ज देणारी बँक धरा. कर्ज आहे तसंच चालू राहतं, स्वॅप हा त्याच्या शेजारी केलेला वेगळा करार असतो. हे "वेगळा करार" लक्षात ठेवा, पुढं सगळी भानगड इथूनच होते.

फिक्स्ड तर कळलं, पण फ्लोटिंग कशावर मोजतात? रेपो रेटवर का?

नाही. नव्वद टक्के लोक इथंच चुकतात. आपल्याकडच्या रुपयाच्या स्वॅपमध्ये फ्लोटिंग बाजू बहुतेक वेळा ओव्हरनाइट मायबोरवर असते, म्हणजे बँका एकमेकांना एका रात्रीसाठी विनातारण पैसे देतात त्या व्यवहारांवरून काढलेला दर. तो एफबीआयएल नावाची संस्था कामकाजाच्या दिवशी रोज जाहीर करते. रेपो रिझर्व्ह बँक ठरवते, मायबोर बाजारात ठरतो, दोन्ही सहसा जवळजवळ फिरतात पण एक नाहीत.

सहा महिन्यांचा रोजचा मायबोर चक्रवाढीनं जोडत नेतात. शनिवार-रविवारी शुक्रवारचाच दर धरतात आणि त्या दिवसांत चक्रवाढ होत नाही. याचा एक परिणाम असा की आपल्याला किती मिळणार किंवा द्यायचे हे सहामाही संपल्याशिवाय पक्कं कळत नाही. कर्जाचं तसं नसतं, तिथं तिमाहीच्या सुरुवातीलाच दर माहीत असतो.

नेट सेटलमेंट म्हणजे नेमकं काय देतात-घेतात?

तुम्ही आडत दुकानावर माल घातलाय का कधी? माल झाला एक लाख चाळीस हजाराचा, तुमची उचल होती नव्वद हजार, तर आडत्या तुम्हाला एक चाळीस देऊन परत नव्वद मागत बसत नाही, उचल वळती करून पट्टीवर पन्नास हजार देतो. नेट सेटलमेंट तेच. दोन्ही बाजूंचं व्याज काढायचं, एकातून दुसरं वळतं करायचं आणि ज्याच्याकडं जास्त निघतं त्यानं फक्त फरक द्यायचा.

नेट = नोशनल × (फ्लोटिंग − फिक्स्ड) × दिवस ÷ 365

उत्तर अधिक आलं तर फिक्स्ड देणाऱ्याला पैसे मिळतात, वजा आलं तर त्यानं द्यायचे. नोशनल म्हणजे ज्या रकमेवर व्याज मोजायचं ती, कागदावरची रक्कम. तोंडी हिशोबाला एक सोपी खूण सांगतो, 10 कोटीवर एक टक्का म्हणजे वर्षाला 10 लाख, सहामाहीला साधारण 5 लाख. एवढं पाठ असलं की बँकेचा माणूस समोर एक्सेल उघडून बसला तरी तुम्ही घाबरत नाही.

मुद्दल हलत नसल्यामुळं समोरची पार्टी बुडाली तरी 10 कोटी बुडत नाहीत, फक्त त्या वेळी तुमचं जे काही निव्वळ येणं असेल तेवढंच अडकतं.

एखादं खरं वाटेल असं उदाहरण आकड्यानिशी द्या ना.

देतो, आणि जरा दमानं देतो कारण सगळं यातच आहे. वाळूजची एक ऑटो पार्ट बनवणारी कंपनी धरा, कल्पित आहे, कुणी आपल्यावर ओढून घेऊ नका. कर्ज 10 कोटी, दर रेपो अधिक 3 टक्के, दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला रीसेट, मुद्दल फेडायला तीन वर्षांनी सुरुवात. जानेवारी 2022 मध्ये रेपो होता 4 टक्के, म्हणजे कर्ज पडत होतं 7 टक्क्यांनी. मालकाला धाकधूक की दर वाढणार. त्यानं तीन वर्षांचा स्वॅप केला: कंपनी 5.25 टक्के फिक्स्ड देणार, बँक कंपनीला मायबोर देणार, हिशोब दर सहा महिन्यांनी. रेपोचे आकडे खरे आहेत, स्वॅपचा दर आणि सहामाहीचा मायबोर मी समजायला सोपे पडतील असे घेतलेत.

पहिली सहामाही, 181 दिवस. मायबोर चक्रवाढीनं आला 4 टक्के. कंपनीची बाजू 26.03 लाख, बँकेची बाजू 19.84 लाख, वळतं करून कंपनीनं भरले 6.20 लाख. आता मालकाचा चेहरा डोळ्यासमोर आणा, "दर वाढतील म्हणून स्वॅप केला आणि पहिल्याच झटक्यात सहा लाख माझ्याच खिशातून गेले." सीएला फोन, सीएचा मला फोन.

पण मधल्या काळात 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेनं ठरलेल्या बैठकीची वाट न बघता अचानक रेपो 4.40 केला, जूनमध्ये 4.90, ऑगस्टमध्ये 5.40, सप्टेंबरअखेर 5.90, डिसेंबरात 6.25 आणि फेब्रुवारी 2023 ला 6.50. दहा महिन्यांच्या आत अडीच टक्के.

दुसऱ्या सहामाहीत मायबोर 5.55 आला, कंपनीला मिळाले 1.51 लाख. तिसऱ्यात 6.55, मिळाले 6.45 लाख. चौथ्यात 6.75, मिळाले 7.56 लाख. दोन वर्षांची बेरीज केली तर कंपनीला निव्वळ 9.32 लाख आले.

म्हणजे दर वाढले की फिक्स्ड देणारा कमावतो. बरोबर?

अर्धं बरोबर, आणि उरलेल्या अर्ध्यातच लोक पैसे घालवतात.

परत त्या उदाहरणात बघा, सुरुवातीला मायबोर 4 च्या आसपास असताना कंपनीनं 5.25 द्यायला हो का म्हटलं? कारण दर वाढणार हे बाजाराला आधीच दिसत होतं आणि ती वाढ त्या 5.25 मध्ये आधीच घालून ठेवलेली होती. फिक्स्ड दर म्हणजे ढोबळमानानं पुढच्या तीन वर्षांतल्या मायबोरची बाजारानं केलेली सरासरी, वर थोडी जोखमीची किंमत. म्हणून तुम्ही फायद्यात येता ते दर वाढल्यामुळं नाही तर बाजारानं धरल्या होत्या त्यापेक्षा जास्त वाढल्यामुळं.

उलटं करून बघा. समजा दर वाढले पण हळूहळू, सहा सहामाह्यांत मायबोर 4, 4.25, 4.50, 4.75, 5 आणि शेवटी 5.25. दरवेळी वाढतोय, पेपरात दरवेळी "कर्ज महागलं" अशी बातमी, आणि तरी फिक्स्ड देणाऱ्यानं पहिल्या पाचही वेळा खिशातून भरलं, सहाव्याला शून्य. सरासरी 4.625 पडली, त्याचा दर 5.25, म्हणजे तीन वर्षांत जवळपास पावणेएकोणीस लाख गेले. दर वाढले, अंदाज खरा ठरला, आणि पैसे गेलेच.

म्हणून कुणी "दर वाढणार आहेत, स्वॅप करू का" असं विचारलं की मी उलटा प्रश्न करतो, आज तीन वर्षांचा ओआयएस काय चाललाय आणि तुमच्या मते सरासरी त्याच्या वर जाईल का? शंभरातल्या नव्वदांकडं याचं उत्तर नसतं. नसलं तरी चालतं, पण मग स्वॅप कमाईसाठी नाही तर झोप लागावी म्हणून करायचा हे कबूल करून करा.

मग त्या 9.32 लाखांना नफा म्हणायचं का?

माझ्या मते नाही. स्वॅपमधून पैसे आले तेव्हा कर्जावरचं व्याजही वाढलेलं होतं ना. चौथ्या सहामाहीत कर्जाचा दर 9.50 होता, व्याज 47.89 लाख, त्यातून स्वॅपचे 7.56 वजा केले की 40.33 लाख, म्हणजे दर पडला 8 टक्के. पहिल्या सहामाहीत कर्ज 7 टक्क्यांनी होतं, रीसेट 1 एप्रिलला होऊन गेल्यामुळं मे-जूनची वाढ त्यात आलीच नव्हती, व्याज 34.71 लाख, त्यात स्वॅपचे 6.20 मिळवले की 40.91 लाख, म्हणजे 8.25 टक्के.

बघा म्हणजे, ज्या काळात शेजारच्या शेडवाल्याचं कर्ज 7 वरून साडेनऊवर गेलं त्या काळात हा 8 ते सव्वाआठच्या मध्येच राहिला. त्यानं घेतलं ते एवढंच. सहा लाख भरले तेव्हा तो फसला नव्हता आणि साडेसात लाख आले तेव्हा हुशार झाला नव्हता. स्वॅपचा कागद एकटा काढून बघू नका, कर्जाच्या स्टेटमेंटला टाचून बघा.

मला वाटलं व्याज अगदी फिक्स होईल. हा 8 ते 8.25 चा फरक कुठून आला?

रेपो आणि मायबोर एक नाहीत हे वर म्हटलं ते इथं चावतं. तुमचा खरा दर असा निघतो: रेपो अधिक 3, वजा मायबोर, अधिक 5.25. म्हणजे 8.25 आणि त्यावर रेपो-मायबोरमधलं अंतर. मायबोर रेपोच्या वर असला तर तुम्हाला बरं, खाली असला तर तोटा. याला बेसिस रिस्क म्हणतात.

हे अंतर किती मोठं होऊ शकतं? कोविडनंतर 2020-21 मध्ये बाजारात पैशाचा पूर आला होता, रेपो 4 टक्के असताना बँका एकमेकांना साडेतीनच्याही खाली पैसे देत होत्या, कारण रिव्हर्स रेपो, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडं पैसे ठेवले तर मिळणारा दर, 3.35 होता आणि बाजारातले दर त्याला चिकटून चालले होते. कर्जाचं व्याज मात्र 4 वर मोजलं जायचं. हाच 5.25 चा स्वॅप त्या वातावरणात असता आणि मायबोर 3.40 आला असता तर आपल्या कंपनीला कर्ज 8.85 नं पडलं असतं. करारात कुठंच चूक नाही आणि तरी साठ पैसे, म्हणजे 0.60 टक्का, जास्त. शिवाय मायबोर रोज हलतो आणि कर्ज तीन महिन्यांनी, त्याचीही थोडी ओढाताण असतेच.

कर्ज जर एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून काढते त्या दरावर असेल तर हे अंतर अजूनच बेभरवशाचं, तिथं मी स्वॅप सहसा सुचवतच नाही.

समोरची पार्टी कोण असते? कुणाला फ्लोटिंग द्यायची हौस असते?

हौस नाही, गरज. ज्या बँकेची बरीचशी कर्जं रेपोला जोडलेली आहेत तिचं उत्पन्न दर पडले की लगेच घटतं, ठेवींचं व्याज मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेलंच द्यावं लागतं. तिला फिक्स्ड घेणं आणि फ्लोटिंग देणं सोयीचं पडतं. उलट एखादी फायनान्स कंपनी ट्रॅक्टरची कर्जं ठरलेल्या दरानं देते आणि स्वतः पैसे बदलत्या दरानं उचलते, तिला आपल्या वाळूजवाल्यासारखंच फिक्स्ड द्यायचं असतं. तुमच्याशी करार करणारी बँक तर बहुतेक वेळा तो सौदा लगोलग दुसऱ्या बँकेशी उलटा करून मोकळी होते, आणि बँकाबँकांतल्या त्या सौद्यांचं क्लिअरिंग सीसीआयएल या संस्थेमार्फत होतं.

दर वाढल्यावर या व्यवहारात कुणी साफ बुडालंय का?

हो, आणि तेही एका नगरपालिकेसारख्या संस्थेच्या निमित्तानं. लंडनमधल्या हॅमरस्मिथ आणि फुलहॅम या बरो काउन्सिलनं 1980 च्या दशकात शेकडो स्वॅप केले, स्वतःच्या कर्जाच्या कितीतरी पट, आणि बाजू घेतली दर पडण्याची, म्हणजे फिक्स्ड घ्यायचं आणि फ्लोटिंग द्यायचं. ऑक्टोबर 1989 पर्यंत ब्रिटनमधला दर 15 टक्क्यांवर गेला. देणं डोक्यावरून जायला लागलं. मग कोर्टकचेरी झाली आणि जानेवारी 1991 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं की काउन्सिलला असले व्यवहार करायचा अधिकारच नव्हता, सौदे रद्दबातल. मग हात चोळत बसल्या त्या समोरच्या बँका. म्हणून आज कुठलीही बँक स्वॅप करायच्या आधी तुमच्या कंपनीचा बोर्ड ठराव मागते, त्याला नाक मुरडू नका.

मधेच बाहेर पडता येतं का?

येतं, पण त्या दिवसाच्या किमतीला. समजा दोन वर्षं झाली, एक वर्ष उरलंय, आणि आज एक वर्षाचा स्वॅप 6.25 ला चालू आहे. तुमच्याकडं 5.25 देऊन तीच गोष्ट मिळवायचा हक्क आहे, म्हणजे एक टक्का स्वस्त, 10 कोटीवर एका वर्षाचे 10 लाख, ते आजच्या किमतीत आणले की साधारण साडेनऊ लाख. बँकेनं ते तुम्हाला द्यायचे, थोडं स्वतःचं मार्जिन कापून. बाजार 4.25 ला असता तर जवळपास तेवढेच तुम्ही द्यायचे होते.

स्वॅप नवीन असताना ही किंमत जोरात हलते. तीन वर्षं बाकी असताना दर एक पैसा म्हणजे 0.01 टक्का हलला तर 10 कोटीवर साधारण 27 हजारांचा फरक पडतो. बाजार एका दिवसात दहा पैसे सहज हलतो, मग बँकेकडून येणाऱ्या एमटीएमच्या, म्हणजे स्वॅपची त्या दिवसाची बाजारकिंमत दाखवणाऱ्या कागदावर अडीच-पावणेतीन लाख इकडचे तिकडं झालेले दिसतात. तो कागद बघून रडायचं नाही आणि पेढेही वाटायचे नाहीत.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त कुठं बिघडतं?

कर्ज आणि स्वॅप एकमेकांपासून सुटतात तिथं. मी बँकेत असतानाची गोष्ट, नाव सांगत नाही, आपल्याच भागातली कंपनी होती. त्यांची एक जागा चांगल्या भावाला गेली, मालकानं आलेल्या पैशातून कर्ज मुदतीआधी फेडून टाकलं, घरी सत्यनारायण घातला, आणि स्वॅपचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. कर्ज एका बँकेचं आणि स्वॅप दुसऱ्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यालाही माहीत नाही. सात कोटीचा स्वॅप, दीड वर्ष बाकी, फिक्स्ड 7 टक्के, आणि बाजार तोवर 5.80 वर उतरलेला. बाहेर पडायला बारा लाखांच्या आसपास लागले. मालक म्हणाला, "साहेब, कर्ज तर संपलं ना, मग व्याज कशाचं?" आता काय सांगायचं, वरचं ते ठोक्या-बटईचं उदाहरण मी त्यांच्यासाठीच पहिल्यांदा बनवलं.

हे टाळायला दोन गोष्टी. एक, कर्जाचे हप्ते सुरू होत असतील तर स्वॅपचं नोशनलही त्याच वेळापत्रकानं उतरतं ठेवा, बँक करून देते. दुसरं, प्रीपेमेंटच्या पत्रावर सही करायच्या आधी अकाउंटंटनं स्वॅपची फाइल उघडायचीच. तुमच्याकडं हे बिघडलंय का ते कळायची खूण एकच, प्रत्येक सेटलमेंटच्या दिवशी स्वॅपचं नोशनल आणि कर्जाची शिल्लक शेजारी लिहा, आकडे जुळले नाहीत की समजा की तुम्ही आता कर्ज सांभाळत नाही, सट्टा खेळताय.

छोट्या कंपनीला सट्टा म्हणून करता येतो का?

नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमांत छोट्या ग्राहकाला, म्हणजे नियमाच्या भाषेतल्या रिटेल यूजरला, स्वॅप फक्त हेजिंगसाठीच करता येतो, म्हणजे आधी खरं कर्ज किंवा खरी जोखीम पाहिजे.

माझं 30 लाखांचं होम लोन आहे, मी करू का?

दादा, नाही. इतक्या रकमेसाठी कुठलीच बँक तुम्हाला कोट देत बसणार नाही आणि कागदपत्रांचा खर्चच परवडायचा नाही. तुम्हाला फिक्स पाहिजे असेल तर रीसेटच्या वेळी बँकेला फिक्स्ड रेटचा पर्याय विचारा.

बँकेनं दिलेला फिक्स्ड दर रास्त आहे हे कसं ओळखायचं?

बँक तिचं मार्जिन वेगळं दाखवत नाही, दरातच घालते. त्यामुळं एकाच दिवशी, एकाच तासात निदान दोन बँकांकडून कोट घ्या, मुदत, नोशनल आणि हप्त्यांचं वेळापत्रक अगदी सारखं सांगून. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा घेतला तर मधे बाजारच हललेला असतो आणि तुलना फुकट जाते. मग विचारा, "इंटरबँक ओआयएस आत्ता कितीला आहे आणि तुम्ही त्यावर किती पैसे घेताय?" 10 कोटीच्या तीन वर्षांच्या सौद्यात वीस पैसे जास्त म्हणजे वर्षाला दोन लाख, तीन वर्षांचे सहा. हा प्रश्न विचारला की पलीकडं फोनवर दोन सेकंद शांतता पसरते, मी स्वतः त्या बाजूला बसून ती शांतता पाळलेली आहे, आणि त्यानंतर दर बहुतेक वेळा पाच-सात पैशांनी खाली येतो.